चुकीचा दर आणि चुकीच्या नावाचं बिल: पुरवठादाराकडून दुरुस्त करून कसं घ्यायचं?

काजूबोंडू | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. आमचं वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. आधी सगळं बाबांच्या नावावर होतं. यंदा एप्रिलपासून मी आणि बहिणीने भागीदारी फर्म काढली, नवा पॅन, नवा जीएसटी नंबर. बाबांचा जुना नंबरही चालू आहे, कारण त्यांचा होमस्टे त्यावर चालतो.

ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरच्या एका खोकेवाल्याकडून पॅकिंगचे कोरुगेटेड खोके मागवले. ४,००० नग, ४२ रुपये दराने, म्हणजे १,६८,००० रुपये. बिल १४ ऑक्टोबरचं. त्यावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी लावून ३०,२४० रुपये कर घेतलाय, एकूण १,९८,२४०. माल आला, खोके चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. फर्मच्या खात्यातून एक लाख दिले, बाकीचे द्यायचे आहेत.

परवा पोर्टलवर टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी आमच्या नंबरवर चढवलेल्या बिलांचा तक्ता, उघडलं तर हे बिल त्यात नाहीच. मग बिल नीट वाचलं. नाव बाबांच्या जुन्या धंद्याचं, जीएसटी नंबरही त्यांचाच. शिवाय खोक्यांवर २२ सप्टेंबरपासून ५ टक्के झालाय ना? मग हे १८ कुठून आलं?

फोन केला तर मालक म्हणतात, "अहो, घरचाच नंबर आहे, सेट-ऑफ मिळणारच आहे, कशाला एवढा वांदा?" आमचे सीए सध्या इतरांच्या रिटर्नमध्ये गुंतलेत, फोन उचलत नाहीत. पुरवठादाराकडे नक्की काय मागायचं आणि कोणत्या शब्दांत?

---

पेठेतला_मुनीम | १६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

एवढं काही नाही त्यात. बिल परत पाठवा, चुकीचं नाव आडवी रेघ मारून खोडायचं, वर बरोबर नाव-नंबर लिहायचा आणि त्यांची सही-शिक्का घ्यायचा. किंवा "रिव्हाइज्ड इनव्हॉइस" म्हणून नवीन छापून द्यायला सांगा. चाळीस वर्षं हेच करत आलोय, व्हॅटमध्येही हेच चालायचं.

---

आकडेमोड | १६ नोव्हेंबर, रात्री ११.०५

मुनीमकाका, व्हॅटच्या काळात चाललं असेल, पण आता क्रेडिट कागदावर मिळत नाही. पुरवठादाराने त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये ज्या नंबरवर बिल चढवलं, त्याच नंबरच्या टू-बीमध्ये ते दिसतं, आणि तिथे दिसल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. कलम १६ मध्ये ही अट स्पष्ट आहे. कागदावर सोन्याच्या शाईने दुरुस्ती केली तरी पोर्टलवरची नोंद बाबांच्याच नावावर राहील. आणि कायद्यात ज्याला रिव्हाइज्ड इनव्हॉइस म्हणतात ते नव्या नोंदणीचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कापलेल्या बिलांसाठी असतं, इथे ते लागू नाही. पुरवठादाराच्या अकाउंटंटला हा शब्द टाकलात तर तो तेवढंच धरून बसेल आणि तुम्हाला नाही म्हणेल.

काजूबोंडू, काही गोष्टी सांगा. बिलावर क्यूआर कोड आणि लांबलचक आयआरएन आहे का? पुरवठादार दर महिन्याला रिटर्न भरतो की तिमाहीला? बाबांनी ऑक्टोबरचं थ्री-बी, म्हणजे क्रेडिट वजा करून कर भरायचं रिटर्न, भरलं का? त्यांच्या टू-बीमध्ये हे बिल दिसतंय का ते आजच बघा.

---

साधा_ग्राहक | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

माझंही सेम झालंय!! ऑक्टोबरमध्ये दुकानातून एसी घेतला, बिलावर २८ टक्के लावलाय. एसी तर १८ वर आलाय. मीही जीएसटीआर-१ मागू का दुकानदाराकडे?

---

आकडेमोड | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

नाही हो. तुमच्याकडे जीएसटी नंबर नाही, क्रेडिट घ्यायचं नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न सरळ जादा घेतलेल्या पैशांचा आहे. दुकानदाराकडे फरक लेखी मागा. नाही दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, दर बदलल्यापासून तिथे जीएसटीच्या तक्रारीही घेतात. बिलाची तारीख मात्र २२ सप्टेंबर किंवा नंतरची आहे ना, ते आधी बघून घ्या.

---

काजूबोंडू | १७ नोव्हेंबर, दुपारी १.३०

क्यूआर नाही, आयआरएनही नाही. त्यांची उलाढाल पाच कोटींच्या खाली असावी. रिटर्न दर महिन्याला भरतात, ऑक्टोबरचं आर-वन ११ तारखेच्या आत भरलंय. बाबांच्या टू-बीमध्ये हे बिल दिसतंय, ३०,२४० क्रेडिटसकट. बाबांचं थ्री-बी अजून भरायचं आहे. बाबा म्हणतात, "माझ्याकडे आलंय तर मीच घेतो की, घरातच राहील."

---

आकडेमोड | १७ नोव्हेंबर, दुपारी २.२०

बाबांना आधी थांबवा, बाकी सगळं नंतर. खोके त्यांनी घेतले नाहीत, त्यांच्या धंद्यात वापरले नाहीत, पैसेही फर्मच्या खात्यातून गेलेत. बाप-लेक एकाच घरात राहत असले तरी जीएसटीच्या दृष्टीने त्यांचा होमस्टे आणि तुमची फर्म हे दोन परके व्यापारी आहेत. हे क्रेडिट त्यांनी घेतलं तर पुढे व्याजासकट उलटवावं लागेल.

त्यांनी पोर्टलवर आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिलं स्वीकारायच्या-नाकारायच्या पानावर, जाऊन हे बिल नाकारायचं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं आणि क्रेडिट थ्री-बीमध्ये आपोआप उतरतं, म्हणून हात जोडून बसून चालणार नाही. टू-बी १४ तारखेला तयार झालंय, त्यामुळे नाकारल्यावर टू-बी पुन्हा काढायचं बटण दाबायला विसरू नका, नाहीतर आकडा जुनाच राहील. हे सगळं थ्री-बी भरण्याआधी, म्हणजे २० तारखेच्या आत.

नाकारल्याने पुरवठादाराचा कर कमी होत नाही, फक्त त्याला त्याच्या डॅशबोर्डवर नकार दिसतो. त्याचाही फायदाच. फोनवरचं "वांदा काय" संपतं.

आता दुरुस्तीचं. आर-वन भरून झालंय. थ्री-बी भरेपर्यंत जीएसटीआर-१ए उघडं असतं आणि त्यात दर सुधारता येतो. पण ग्राहकाचा जीएसटी नंबर तिथे बदलता येत नाही, तो पुढच्या महिन्याच्या आर-वनमध्येच बदलतो. त्यामुळे अर्धं आत्ता, अर्धं नंतर असं करायला जाऊ नका. नोव्हेंबरचं आर-वन ११ डिसेंबरपर्यंत जाईल. त्यातल्या तक्ता ९ए मध्ये त्यांनी जुन्या बिलाचा नंबर टाकून ते दुरुस्तीला उघडायचं आणि जीएसटी नंबर आणि दर, दोन्ही एकदमच बदलायचे. तुम्हाला त्याच नंबरच्या, त्याच तारखेच्या बिलाची सुधारित प्रत मिळेल. क्रेडिट एक महिना उशिरा येईल, बुडणार नाही. २०२५-२६ च्या बिलांसाठी ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे.

---

टॅलीवाली | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६.०५

मी इचलकरंजीत अशाच एका पुरवठादाराकडे हिशेब बघते, तर टेबलाच्या पलीकडचं सांगते.

ताई/दादा, तुमच्या बिलात दोन चुका दिसत असल्या तरी बहुतेक चूक एकच आहे. खोक्यांचा दर आधी १८ होता, १५ जुलै २०२४ ला १२ झाला आणि यंदा २२ सप्टेंबरला ५. नुसतं मास्टर अपडेट करायचं राहिलं असतं तर तुम्हाला १२ लागला असता. १८ लागलाय म्हणजे ऑपरेटरने तुमच्या बाबांचं जुलै २०२४ च्या आधीचं एखादं बिल उघडून Alt+2 मारलंय, तारीख आणि नग बदललेत आणि प्रिंट काढलीय. नाव, नंबर, कराची लेजर सगळं जुनं तसंच उतरलं. आमच्याकडे दिवाळीच्या गर्दीत हे नेहमी होतं.

म्हणून बिलावरचं बाकीचंही तपासा. ऑर्डर नंबर, गाडी नंबर, पत्ता. दुरुस्तीचं पत्र एकदाच जायला हवं. आमच्याकडे एकाच बिलावर तीन वेळा मेल आला की मालक वैतागतात आणि फाईल खाली जाते.

---

काजूबोंडू | १७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

टॅलीवाली, तुम्ही ज्योतिष बघता का? ऑर्डर नंबर खरंच बाबांच्या २०२३ च्या ऑर्डरचा आहे! गाडी नंबर मात्र बरोबर. ई-वे बिलही बाबांच्याच जीएसटी नंबरवर निघालंय. त्याचं काय?

(मी दादा. 🙂)

---

टॅलीवाली | १७ नोव्हेंबर, रात्री ९.४०

ई-वे बिल २४ तासांनंतर रद्द होत नाही आणि घेणाऱ्याला नाकारायला ७२ तास असतात, दोन्ही कधीच संपलं. त्याची प्रत, तुमची गेटची नोंद आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी एकत्र ठेवा. माल वेंगुर्ल्याच्या युनिटवर उतरला हे त्यातून दिसतं, उद्या कोणी विचारलं तर तेच कामाला येईल.

पुढच्या वेळी एक सोपी खूण सांगते. जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, व्यक्ती असेल तर `P`, भागीदारी फर्म असेल तर `F`. तुमच्या फर्मच्या बिलावर सहाव्या जागी `P` दिसला की माल उतरवण्याआधीच फोन करायचा. पंधरा अक्षरं जुळवत बसायला नको.

---

गोंयकार | १८ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

माझा अनुभव सांगतो. आमचं ऑफिस फोंड्याला, एक शाखा पुण्यात. पुण्याच्या सप्लायरने गोव्याला पाठवलेल्या मशीनचं बिल आमच्या २७ वाल्या नंबरवर काढलं आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावला. ३० वर आयजीएसटी हवा होता. वर्ष झालं, अजून भिजत घोंगडं.

पण काजूबोंडू, तुम्हाला एवढा त्रास घ्यायची गरज नाही. १८३ नंबरचं सर्क्युलर आहे. चुकीच्या जीएसटी नंबरवर बिल चढलं असेल तर पुरवठादाराचं किंवा त्याच्या सीएचं सर्टिफिकेट दाखवलं की क्रेडिट मान्य करतात. आमच्या सल्लागाराने तेच सांगितलंय.

---

आकडेमोड | १८ नोव्हेंबर, सकाळी १०.००

सर्क्युलर खरं आहे, २७ डिसेंबर २०२२ चं. पण ते २०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांसाठी होतं. तेव्हा टू-बीच नव्हतं, लोकांनी टू-ए बघून किंवा न बघता क्रेडिट घेतलेलं, त्या जुन्या प्रकरणांची सोय त्यात केली होती. नंतर दुसऱ्या सर्क्युलरने ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत काही प्रमाणात ते पुढे नेलं. १ जानेवारी २०२२ पासून टू-बीची अट कायद्यातच आली. २०२५ च्या बिलाला सर्टिफिकेट लावून काही होणार नाही.

तुमच्या प्रकरणात तर कराचा प्रकारही चुकलाय, ते वेगळं दुखणं. बिल कोणत्या वर्षाचं आहे त्यावर सगळं अवलंबून. वेगळा धागा काढा, इथे घोळ होईल.

---

गोंयकार | १८ नोव्हेंबर, सकाळी १०.२५

मग आमच्या सल्लागाराला विचारायलाच हवं. २०२४ चं बिल आहे.

---

पेठेतला_मुनीम | १८ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

पोर्टल-बिर्टल मला कळत नाही, ते मान्य. पण व्यवहारातलं सांगतो. बिल दुरुस्त होईपर्यंत राहिलेला एक पैसाही देऊ नका. पैसे हातात असले की अकाउंटंट आपोआप फोन उचलतो.

---

टॅलीवाली | १८ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

काका, हे अर्धं बरोबर आहे. सगळं अडवलंत तर आमचे मालक "माल चांगला पोचलाय, पैसे अडवलेत" म्हणून उलट तक्रार करतील. खोके बनवणारा छोटा उद्योग एमएसएमईत नोंदलेला असतो. ४५ दिवसांपुढे पैसे अडले की तो व्याज मागू शकतो, आणि ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत तर खरेदीदाराचा आयकरातला खर्च त्या वर्षी धरला जात नाही.

हिशेब असा करा. १,६८,००० वर ५ टक्के म्हणजे ८,४००, एकूण १,७६,४००. एक लाख दिलेत, म्हणजे राहिले ७६,४००. त्यातले ६८,००० मालाचे देऊन टाका, कराचे ८,४०० थांबवा आणि पत्रात तसं लिहा. वादातले २१,८४० तर देण्याचा प्रश्नच नाही. मग कोणी तुम्हाला बुडव्या म्हणू शकत नाही आणि दुरुस्तीचं कामही डोक्यावर राहतं.

---

काजूबोंडू | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७.२०

बाबांनी बिल नाकारलं आणि टू-बी पुन्हा काढलं, त्यांच्या थ्री-बीत आता ते येत नाही. ते अजून कुरकुरतायत, पण केलं.

पत्राचा मसुदा:

> महोदय, आपल्या १४ ऑक्टोबरच्या बिलात आपल्या हलगर्जीपणामुळे चुका झाल्या असून त्यामुळे आमच्या फर्मचे नुकसान झाले आहे. जीएसटी कायद्यानुसार आपण तत्काळ रिव्हाइज्ड इनव्हॉइस द्यावे, अन्यथा आम्हाला कायदेशीर कारवाई करावी लागेल.

ठीक वाटतं का?

---

टॅलीवाली | १८ नोव्हेंबर, रात्री ८.३५

हे पत्र आलं तर मी मालकांना देईन, मालक वकिलाला देतील आणि मार्च येईल. काम करणाऱ्या माणसाला लिहा. त्याला फक्त जुनं काय, नवं काय आणि कोणत्या रिटर्नमध्ये, एवढं हवं असतं. "नुकसान" वगैरे वाचायला वेळ नसतो. आणि मालकांसाठी एक ओळ घाला की यात त्यांचे २१,८४० रुपये त्यांच्याच करातून कमी होणार आहेत. तुमच्याकडून १८ टक्के मिळणार नाहीत आणि सरकारला मात्र भरलेत, हे लक्षात आलं की तेच घाई करतील.

मी असं लिहीन:

> विषय: १४ ऑक्टोबर २०२५ च्या बिलातील दुरुस्ती (बिल क्र. …)
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपण पाठवलेले ४,००० खोके चांगल्या स्थितीत मिळाले. बिलात पुढील दुरुस्त्या हव्या आहेत.
>
> खरेदीदार: बिलावर वडिलांच्या जुन्या धंद्याचे नाव व जीएसटी नंबर आहे. माल आमच्या फर्मने मागवला व घेतला आहे. फर्मचे नाव, पत्ता व जीएसटी नंबर सोबतच्या नोंदणी प्रमाणपत्रात आहेत.
>
> कराचा दर: बिलावर १८ टक्के (₹३०,२४०) आहे. कोरुगेटेड खोक्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के (₹८,४००) लागू आहे. बिलाची रक्कम ₹१,९८,२४० ऐवजी ₹१,७६,४०० हवी.
>
> ऑर्डर क्रमांक: जुन्या ऑर्डरचा छापला गेला आहे. योग्य ऑर्डरची प्रत सोबत आहे.
>
> जुन्या जीएसटी नंबरवर क्रेडिट घेतलेले नाही, बिल आयएमएसमध्ये नाकारले आहे. नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, ११ डिसेंबरपूर्वी दुरुस्ती व्हावी ही विनंती. त्यामुळे आपण जादा भरलेला ₹२१,८४० कर आपल्या देण्यातून कमी होईल. ही दुरुस्ती आपण कोणत्या पद्धतीने करणार ते कृपया या मेलवर कळवावे.
>
> मालाची उर्वरित रक्कम ₹६८,००० आज पाठवली आहे. कराचे ₹८,४०० दुरुस्त बिल पोर्टलवर दिसताच पाठवू.

फोनवर बोला, पण मेल जायलाच हवा. आणि जुनं खातं त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करायला सांगा, नाहीतर पुढचं बिल पुन्हा बाबांच्या नावाने येईल.

---

आकडेमोड | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

पत्र उत्तम. "कोणत्या पद्धतीने" हे विचारलंत ते बरं, कारण ते बहुतेक क्रेडिट नोट म्हणतील.

---

काजूबोंडू | २१ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

आकडेमोड, तुमच्या तोंडात साखर पडो की काय म्हणू. त्यांच्या सीएंचं उत्तर आलं. ते म्हणतात ९ए वगैरे नको. बाबांच्या नंबरवर पूर्ण १,९८,२४० ची क्रेडिट नोट काढतो आणि फर्मच्या नंबरवर ५ टक्क्यांचं नवीन बिल देतो. हे चालेल का?

---

आकडेमोड | २१ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

मला ते पटत नाही. कलम ३४ ची क्रेडिट नोट ज्याला माल दिला त्याच्या नावे असते. बाबांना माल दिलाच नव्हता, मग त्यांना क्रेडिट नोट कसली? शिवाय नव्या बिलाची तारीख नोव्हेंबरची येईल आणि माल ऑक्टोबरमध्ये गेलाय. माल निघतानाच बिल हवं असा नियम आहे. ९ए मध्ये मूळ तारीख राहते, गोष्ट सरळ राहते.

---

टॅलीवाली | २१ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

पुस्तकात बरोबर आहे, पण आमच्या भागातले निम्मे सीए क्रेडिट नोटच करतात. हिशेबात स्पष्ट दिसतं, टॅलीत आणि पोर्टलवर जुळतं. ९ए केलं की टॅलीतलं ऑक्टोबरचं बिल बदलायचं की नाही यावरून वर्षअखेरीला भांडणं होतात. आणि पुरवठादार ई-इनव्हॉइसवाला असता तर २४ तासांनंतर आयआरएन रद्दच होत नाही. तिथेही लोक क्रेडिट नोट काढूनच मोकळे होतात.

---

आकडेमोड | २१ नोव्हेंबर, दुपारी ४.५५

निम्मे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. पण काजूबोंडू, पुरवठादाराच्या सीएशी भांडून तुमचं काम अडवून घेऊ नका. क्रेडिट नोटवर जुन्या बिलाचा नंबर-तारीख हवी. नव्या बिलावर "१४ ऑक्टोबरच्या चुकीच्या बिलाऐवजी" असा शेरा, मूळ चलनाचा आणि ई-वे बिलाचा क्रमांक हवा. दोन्ही नोव्हेंबरच्याच आर-वनमध्ये जायला हवं. एक या महिन्यात, एक पुढच्या असं झालं तर लफडं.

---

काजूबोंडू | २५ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

नवीन बिल आलं, २४ तारखेचं. १,६८,००० अधिक ४,२०० अधिक ४,२००. सहाव्या जागी `F` आहे, आधी तेच बघितलं. शेराही आहे. क्रेडिट नोटची प्रतही मेलवर आली.

---

काजूबोंडू | १२ डिसेंबर, रात्री ८.५०

फर्मच्या आयएमएसमध्ये नवीन बिल दिसलं, स्वीकारलं. आता एक गंमत. बाबांच्या आयएमएसमध्ये ती क्रेडिट नोट दिसतेय. बाबा म्हणतात, "ते बिल मी नाकारलं होतं, आता ही क्रेडिट नोटही नाकारतो, माझा काय संबंध?" ऐकायला तर बरोबर वाटतं.

---

आकडेमोड | १२ डिसेंबर, रात्री ९.२०

नको नको, नाकारू देऊ नका! बिल नाकारलं तेव्हा पुरवठादाराचं काही बिघडलं नव्हतं. क्रेडिट नोट नाकारली की तेवढा कर पुढच्या थ्री-बीमध्ये त्याच्या देण्यात पुन्हा चढतो. म्हणजे ३०,२४० कमी झालेले परत अंगावर, आणि त्यावर नव्या बिलाचे ८,४०० वेगळे. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून फोन येईल तो प्रेमाचा नसेल.

स्वीकारायची. बाबांना भीती असेल की स्वीकारलं तर त्यांचं क्रेडिट कापलं जाईल. ऑक्टोबरपासून क्रेडिट नोट स्वीकारताना किती क्रेडिट उलटवायचं ते लिहायची सोय आलीय. त्यांनी मूळ बिलाचं क्रेडिट घेतलेलंच नाही, त्यामुळे तिथे उलटवण्याची रक्कम शून्य दाखवायची. मूळ नकाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, ते शून्य का, याचा पुरावा तोच.

९ए केलं असतं तर ही क्रेडिट नोट बाबांच्या दारात आलीच नसती, एवढं मात्र म्हणतो.

---

टॅलीवाली | १२ डिसेंबर, रात्री ९.३५

म्हणा, म्हणा. 😄

---

काजूबोंडू | १४ डिसेंबर, रात्री १०.०५

बाबांनी शून्य टाकून स्वीकारली. फर्मच्या टू-बीमध्ये ८,४०० आलेत. राहिलेले ८,४०० उद्या सकाळी पाठवतो. सगळ्यांचे आभार.

---

साधा_ग्राहक | १५ डिसेंबर, सकाळी ८.१०

दुकानदाराने एसीच्या फरकाऐवजी स्टॅबिलायझर घ्या म्हणून सांगितलंय. घ्यावा का?

---

पेठेतला_मुनीम | १५ डिसेंबर, सकाळी ८.३०

रोख मागा. आणि स्टॅबिलायझरवर कर किती लावतोय तेही बघा.